मल्लखांबावरचा ऊर्ध्वरेता

गोपाळकृष्ण तारे मास्तर मल्लखांबावर चढले की खांब आहे आणि माणूस नाही असं वाटायचं. एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत लाकडावर गडी असा सरकायचा की बघणारे डोळे मिटून घ्यायचे. सरकारी शाळेत व्यायामाचे मास्तर. संध्याकाळी देवास गेटच्या मागच्या व्यायामशाळेत पोरांना शिकवायचे. उंची बेताची, छाती दाराएवढी, आवाज खर्जातला. उज्जैनच्या मराठी घरांत पोरगं जरा वाकून चाललं की आई म्हणायची, "ताऱ्यांच्या गोपाळकडं पाठव याला, खांबासारखा करून देईल."

अशा माणसाला साखर असेल हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. पण एकविसाव्या वर्षी धरलेली होती. वर्षभरात वजन उतरलं, रांजण रिता करील असा शोष पडायला लागला, तवा डॉक्टरांनी लघवी तपासून सुई हातात दिली. तेव्हापासून रोज दोन वेळा मांडीत सुई. काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, इन्सुलिनची बाटली फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची. पुढं घरात फ्रीज आला तरी माठाची सवय बरेच दिवस सुटली नाही. मास्तरांनी आजार कुणाला सांगितला नाही. लाज वाटायची असं नाही. मल्लखांबावरच्या माणसाला आजार कसला, एवढंच.

लग्न सत्त्याऐंशी साली झालं. बायको अलका, बुऱ्हाणपूरच्या देशपांड्यांची. मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायची. सडपातळ, बोलायला धारदार, हसली की दोन्ही गालांत खळ्या. साखरेचं तिला लग्नाआधी सांगितलेलं होतं, एवढं श्रेय ताऱ्यांच्या पदरी टाकायला पाहिजे. नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत घर होतं. घरात तिसरे तात्या, म्हणजे मास्तरांचे वडील. रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले, पण बोलणं अजून शिट्टी मारल्यासारखंच.

लग्नाची पहिली दोन वर्षं बरी गेली. मग एक इपरीत व्हायला लागलं. सगळं व्हायचं जसं व्हायचं तसं, शेवटचा झटकाही यायचा, सुखही व्हायचं, पण बाहेर काही यायचं नाही. कोरडं. आधी कधीमधी, मग दर वेळी. मास्तरांना वाटलं थकवा आहे. बदाम भिजवून खाल्ले, दुधात सालममिसरी घेतली, साखर आणखी वाढवून घेतली. कोरडं ते कोरडंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी मात्र ताकासारखी गढूळ दिसायची. त्यांनी ती साखरेच्या खाती टाकली आणि पुढं बघितलं नाही.

असं कुणाला विचारावं? डॉक्टरला विचारायचं तर तोंड उघडावं लागतं. व्यायामशाळेत तर विचारायची सोयच नव्हती. तिथले प्रमुख भय्यासाहेब, पंचाहत्तरीचे, आयुष्यभर बिनलग्नाचे, दर शनिवारी मारुतीसमोर नव्या पोरांना ओळीत उभं करून एकच बोलायचे. चाळीस दिवस खाल्लेल्या अन्नाचा एक थेंब होतो, तो सांडला की माणूस सांडला. मास्तरांनी ते दहाव्या वर्षापासून ऐकलेलं. हाडात मुरलेलं.

ब्याण्णवच्या सिंहस्थात हे मुरलेलं वर आलं. व्यायामशाळेची पोरं क्षिप्रेकाठी गर्दी सांभाळायला होती आणि मास्तर त्यांचे मुखिया. एका तंबूत एक बाबा बसायचे, अंगानं सुकलेले, डोळ्यांनी ताजे. तिसऱ्या दिवशी तंबूत दुसरं कोणी नाही बघून मास्तरांनी धीर केला आणि आडून आडून विचारलं, की एखाद्या गृहस्थाचं असं असं होत असेल तर?

बाबांनी त्यांच्याकडं वरून खाली बघितलं. छाती बघितली, दंड बघितले. म्हणाले, "ये तो ऊर्ध्वरेता का लक्षण है बच्चा. नीचे नहीं गिरता, ऊपर चढ़ जाता है. लोग जनम गँवा देते हैं इसके लिए. तेरे को घर बैठे मिल गया."

मास्तर तंबूतून बाहेर पडले ते वीतभर उंच होऊन. तीन वर्षं जे मनात दगडासारखं होतं, ते बाबांनी उचलून फुलासारखं डोक्यावर ठेवलं. त्यांनी ते भय्यासाहेबांना सांगितलं, आणि त्यांना सांगणं म्हणजे गावाला सांगणं. पुढच्या हनुमान जयंतीला नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा बेतानं भय्यासाहेब बोलले, "आपल्यातच एक जण आहे, संसारात राहून ज्यानं साधलंय." मास्तरांनी मान खाली घातली. ती नम्रतेनं खाली गेली होती असं पोरांना वाटलं.

इकडं घरात पाळणा नव्हता. तात्या सुनेला टोचून बोलायचे नाहीत, पण कॅलेंडरकडं बघून सुस्कारा टाकायचे. तो टोचण्याहून वाईट. अलका आपल्या पायानं फ्रीगंजच्या डॉक्टर वासंती यांच्याकडं गेली. बाई नागपूरच्या, उज्जैनात पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेल्या, केस पांढरे, हात गरम. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी मास्तरांचं वीर्य तपासून आण. बायकांचं तपासायला दहा गोष्टी लागतात, पुरुषाची एक बाटली पुरते."

अलकानं घरी येऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, "जाऊन येतो इंदूरला." गेले, संध्याकाळी आले, म्हणाले, "नॉर्मल आहे." कागद तिनं मागितला नाही. नवऱ्याला कागद काय मागायचा.

त्या एका शब्दापायी अलका दीड वर्ष हिंडली. एकदा गर्भाची पिशवी खरवडून झाली. एकदा नळ्यांत औषध सोडून फोटो काढला. त्या दिवशी तिला चालवत नव्हतं, टांग्यातून घरी आणावं लागलं. दोन्हीत काही दोष निघाला नाही. मग एका ओळखीच्या बाईनं इंदूरचं नाव घेतलं, तिथं पोटाला भोक पाडून दुर्बीण घालून बघतात म्हणे. अलकानं तारीख ठरवली. शाळेतून रजा घेतली. चिठ्ठी लिहून घ्यायला वासंतीबाईंकडं गेली तेव्हा या वेळी मास्तरही सोबत होते, म्हणजे नुसते बाकावर बसायला.

बाईंनी फाइल चाळली. मग चष्मा कपाळावर चढवला.

"मास्तर, तुमचा कागद कुठाय?"

"नॉर्मल होता."

"मी नॉर्मल विचारलं का? कागद कुठाय म्हणून राहिले. मला शुक्रजंतू किती, पळतात किती, तो आकडा पाहिजे. हिला भूल द्यायच्या आधी पाहिजे."

मास्तर वर पंख्याकडं बघायला लागले. अलकानं त्यांच्याकडं बघितलं.

"अहो," अलका म्हणाली, "तुम्ही गेला होतात ना?"

"गेलो होतो." मास्तरांनी घसा साफ केला. "बाटली घेऊन बसलो. काही निघालंच नाही. परत आलो."

"मग नॉर्मल कशावरून?"

तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं. कोरडं, सिंहस्थ, बाबा, सगळं. खर्जातला आवाज बाईंसमोर पोराच्या आवाजासारखा झाला. ऊर्ध्वरेता हा शब्द त्यांनी शेवटी उच्चारला तेव्हा अलका उठून उभी राहिली.

"शाळेत मी हा शब्द शिकवते," ती म्हणाली. "ब्रह्मचाऱ्यासाठी आहे तो. लग्नाच्या नवऱ्यासाठी नाही. आणि मला काय कळत नव्हतं का? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल काय ते. तुम्ही म्हणालात नॉर्मल, मी म्हटलं असेल बाई. माझ्या नळ्यांत औषध सोडलं तेव्हा तुम्ही बाहेर बसून पेपर वाचत होतात."

मास्तरांना खांबावरून पडल्यावर असं लागलं नसतं.

बाईंनी मधे पडून दोघांना खाली बसवलं. त्यांनी मास्तरांना लघवीचं विचारलं. रातच्या नंतर सकाळी गढूळ असते का? असते. मुंग्या येतात पायाला? येतात. उभं राहिल्यावर घेरी? मास्तर म्हणाले, येते, खांबावरून उतरल्यावर येते. पायाच्या बोटांना खांब कळतो का? मास्तरांनी आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाले, हल्ली बोटांना खांब कळत नाही, डोळ्यांनी बघून ठेवावी लागतात. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"शेवटचा प्रश्न. ताठ राहतं का पूर्ण वेळ?"

"कधी राहतं, कधी मधेच बसतं."

"साखरच." बाईंनी कागदावर एक पिशवी काढली, खाली तिचं तोंड काढलं, तोंडाला लागून एक नळी काढली. "ही लघवीची पिशवी. वीर्य निघायच्या वेळी हिचं तोंड आपोआप आवळतं, म्हणून वीर्य पुढं जातं. आवळायचा हुकूम नसा देतात. चौदा वर्षं साखर जास्त राहिली की या नसा मरतात, जशा तुमच्या बोटांच्या मेल्या. मग तोंड उघडंच राहतं, आणि वीर्य पुढं जायच्या ऐवजी मागं, पिशवीत उतरतं. नंतर लघवीवाटे निघून जातं. वर वगैरे काही चढत नाही मास्तर. मागं पडतं आणि संडासात जातं."

मास्तर कागदाकडं बघत राहिले. अलका पण. तिलाच आधी विचारावंसं वाटलं.

"म्हणजे तयार होतं?"

"होत असावं. तेच बघायचंय. हिची दुर्बीण राहू द्या बाजूला."

तपासणीची रीत बाईंनी समजावून सांगितली. आधी पिशवी रिकामी करायची, मग हातानं करायचं, मग लगेच एका मोठ्या भांड्यात लघवी करायची, आणि ती लघवी तशीच्या तशी लॅबवाल्याच्या हातात द्यायची. वेळ घालवायचा नाही.

फ्रीगंजच्या लॅबमध्ये दिलीप नावाचा तंत्रज्ञ होता. पोट सुटलेला, पान खाणारा, इंदूरकडचा. मास्तर भांडं घेऊन बाहेर आले तेव्हा त्यानं रिकामी बाटली आणि भरलेलं भांडं दोन्ही बघितली.

"मास्टरजी, पूरा उलटा काम? हमने बाटली दी थी."

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय. लघवी फिरवून बघायची."

दिलीपनं लघवी नळ्यांत ओतून यंत्रात फिरवली. घरघर थांबली. बुडाशी बसलेल्या गाळाचा एक थेंब काचेवर घेतला, दुर्बिणीखाली ठेवला आणि बघता बघता चघळायचा थांबला.

"या मास्टरजी, बघा तुम्ही पण."

मास्तरांनी डोळा लावला. आधी नुसता पिवळा उजेड दिसला. मग दिसले. बारीक शेपटीचे, शेकड्यांनी, एकमेकांवर पडलेले. बहुतेक निपचित. दोन-चार जागच्या जागी थरथरत होते. मास्तर खूप वेळ बघत राहिले. दिलीप म्हणाला, "लघवीत आम्ल असतं ना. मरतात बिचारे. पण आहेत, भरपूर आहेत. आता बाईंना दाखवा."

घरी येताना मास्तर देवास गेटपाशी टेम्पोतून उतरले आणि नानाखेड्यापर्यंत चालत गेले. अलकाला म्हणाले, "आहेत."

ती म्हणाली, "कागद दाखवा."

त्यांनी दाखवला. तिनं दोनदा वाचला आणि आपल्या फाइलीत लावला, आपल्या नळ्यांच्या फोटोशेजारी.

उपाय दोन टप्प्यांत होणार होता. आधी गोळी. वासंतीबाई म्हणाल्या, ही मनाच्या आजाराची गोळी आहे, पण थोड्या प्रमाणात दिली तर पिशवीचं तोंड आवळायला मदत करते. कधी लागू पडते, कधी नाही. मास्तर चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं नाव वाचलं, मास्तरांची छाती बघितली आणि हळूच विचारलं, "घरात कुणाला टेन्शन आहे का मास्तर?" मास्तर म्हणाले, "खांबाला आहे."

गोळीनं तोंड कोरडं पडलं, शौचाला त्रास झाला, उठताना घेरी वाढली. बाहेर मात्र थेंब-दोन थेंबच आले. दिलीपनं तेही बघितले, म्हणाला, यात काही दम नाही. दोन महिन्यांनी बाईंनी गोळी बंद केली आणि इंदूरच्या डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांच्याकडं वीर्य धुवायची सोय होती. उज्जैनात तेव्हा नव्हती.

इंदूरचे डॉक्टर तरणे, घाईत असलेले, पण समजावून सांगायला वेळ काढणारे. त्यांनी सांगितलं की औषधानं बाहेर आलं नाही म्हणून अडत नाही. पिशवीतून काढून घेऊ. लघवीतले जंतू वेगळे करू, धुऊ, चांगले पळणारे निवडू आणि बीज फुटायच्या दिवशी पातळ नळीनं अलकाताईंच्या गर्भाशयात सोडू. पण लघवी आधी गोड पाहिजे.

"गोड?" अलका म्हणाली. "साखर तर नको म्हणतात सगळे."

"गोड म्हणजे आम्ल नको. खायचा सोडा पाण्यातून द्यायचा, आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी. पाणी भरपूर. आणि लघवीत साखर उतरता कामा नये, तीही जंतूंना मारते. म्हणजे मास्तर, महिनाभर आधीपासून साखर धरून ठेवा. मेलेल्या नसा काही परत येत नाहीत, पण आहेत त्या वाचवा."

यानं नाही झालं तर पुढं काय, तेही त्यांनी लपवलं नाही. मुंबईला टेस्ट ट्यूबची सोय आहे. विलायतेत एकेक जंतू सुईनं बिजात सोडायची पद्धत निघाली आहे, आपल्याकडं आता कुठं सुरू होऊन राहिली आहे. आणि दुसऱ्या पुरुषाचं वीर्यही मिळतं, तपासलेलं. मास्तरांनी अलकाकडं बघितलं. ती म्हणाली, "ते शेवटी. आधी आपलंच बघू. चार वेळा. चारनंतर मी बोलेन, तुम्ही नाही."

साखर धरून ठेवणं मास्तरांना खांब धरण्यापेक्षा अवघड गेलं. पोहे बंद, जिलेबी बंद, शेव बंद. उज्जैनात सकाळी पोह्यांवर शेव न टाकता माणूस जगतो कसा, हे तात्या रोज विचारायचे. अलका सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवून लघवी तपासायची आणि रंग भिंतीवरच्या तक्त्याशी जुळवायची. हिरवा निघाला, म्हणजे साखर उतरली, की मास्तरांची चौकशी व्हायची.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"हिरवा कसा मग?"

"भय्यासाहेबांकडं नैवेद्याचा लाडू."

"अर्धा की पूर्ण?"

"पूर्ण."

"मास्तर आहात की चोर?"

सहा महिन्यांत निळा राहायला लागला.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर पहिली खेप. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून अलकानं बीज वाढायच्या गोळ्या घेतल्या, सोनोग्राफीत बीज मापलं, ते फुटायचं इंजेक्शन घेतलं. ठरल्या सकाळी दोघं देवास गेटवरून इंदूरची पहिली बस धरून गेले. मास्तरांनी आदल्या दिवसापासून सोडा प्यालेला, त्यामुळं ढेकरांवर ढेकर. बसमध्ये लघवीची पिशवी भरलेली आणि रस्त्यात खड्डे. "उतरू द्या मला," ते म्हणाले. "थांबा, सांवेरचा थांबा येईल," अलका म्हणाली. इंदूरला पोचताच त्यांनी आधी रिकामं केलं, मग खोलीत गेले, मग भांडं भरून दिलं. लॅबमधल्या बाईनं कागदाची पट्टी बुडवली, निळी झाली, म्हणजे आम्ल नाही. धुतल्यावर दुर्बिणीखाली निम्मे पळत होते. डॉक्टर खुश. अलका नळी घातल्यावर पंधरा मिनिटं उताणी पडून राहिली. मास्तर बाहेर बसले, पेपर उघडला आणि लगेच घडी करून ठेवला.

पंधरा दिवसांनी पाळी आली.

दुसऱ्या खेपेला बस बंद पडली. मास्तरांचं इन्सुलिन घेऊन झालेलं, खायची वेळ टळली, साखर एकदम खाली गेली, रस्त्याकडेला घाम फुटून हात कापायला लागले. अलकानं तोंडात गूळ कोंबला. पोचेपर्यंत उशीर झाला होता, तरी केलं. पाळी आली. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर झालं, तरी पाळी आली. डॉक्टर म्हणाले, यात दर खेपेला दहांत एकदाच जमतं, धीर धरा. अलका म्हणाली, "आणखी एकदाच."

तात्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं की अलकाला दाखवायला जातो. ते शेजाऱ्यांना म्हणायचे, "सुनेला दोष आहे, पण गोपाळ सोडत नाही, हे त्याचं मोठेपण." अलका ऐकायची आणि कुकर लावायची.

चौथी खेप पंच्याण्णवच्या मार्चमध्ये. पट्टी निळी, बस वेळेवर, बीज चांगलं मोठं. मास्तर खोलीत गेले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पंचेचाळीस झाली. लॅबमधल्या बाईनं दोनदा घड्याळ बघितलं. अलकानं दार वाजवलं.

आतून आवाज आला, "होत नाही. उठतच नाही."

"घाई नका करू."

"घाई कुठली! सगळं उलटं आहे माझं, आणि आज सुलटंही नाही. जा तू. त्यांना सांग, चौथी झाली म्हणून."

अलका दाराशी उभी राहिली. चारनंतर तीच बोलणार होती. बोलायचं म्हणजे दुसऱ्याचं वीर्य किंवा काहीच नाही. दार ढकलायला गेली तर बाई आडवी आली.

"ताई, अंदर लेडीज अलाउड नहीं. रूल है."

"आत लेडीज कुठाय, बाई? बायको आहे मी." अलकानं तिचा हात बाजूला केला. "तुमच्या रूलला म्हणावं, जरा बाहेर बस."

बाई डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर आले, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "राहू द्या. यांच्यानं नाही झालं तर मी इंजेक्शन देणारच होतो ताठरतेचं." आणि निघून गेले.

आत काय झालं ते त्या दोघांचं. एवढंच बाहेर आलं की अलका हसत होती आणि मास्तर म्हणत होते, "हळू, बाहेर ऐकू जाईल." मग पाण्याचा आवाज झाला, दार उघडलं आणि अलकानं स्वतःच्या हातानं भांडं लॅबमधल्या बाईला दिलं, झाकण लावलेलं, पदराच्या आत धरलेलं.

पाळी आली नाही. पंधरा दिवस गेले, वीस गेले. वासंतीबाईंनी पट्टीवर लघवी टाकली, दोन रेघा आल्या. बाई म्हणाल्या, "मास्तर, हा कागद मी देते तुम्हाला, मागायची गरज नाही."

चौथा महिना लागला तेव्हा तात्यांनी घरभर सांगायला सुरुवात केली, की सुनेचा दोष गेला, औषध लागू पडलं. एका सकाळी जेवायला बसले आणि पुन्हा तेच बोलले. अलकानं वरण वाढलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

मास्तरांनी ताट पुढं सरकवलं.

"तात्या, दोष माझा होता. साखरेनं माझं वीर्य मागं जायचं. मला माहीत नव्हतं. आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं."

तात्यांचा भात कालवलेला हात ताटातच राहिला.

"मग दीड वर्ष हिचं पोट कशाला खरवडलं?"

"मी खोटं बोललो म्हणून."

तात्या अलकाकडं वळले. "सूनबाई," ते म्हणाले आणि पुढचं काही त्यांना सापडेना. ते आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेले, माफी मागायची सवय नव्हती. अलका म्हणाली, "भात गार होतोय तात्या." ते जेवले.

मास्तरांनी भय्यासाहेबांनाही सांगितलं. म्हातारा दोन शनिवार बोलला नाही. तिसऱ्या शनिवारी पोरांना ओळीत उभं केलं आणि थेंबाचं काही न बोलता सरळ दंड मारायला लावले. मास्तरांनी त्या महिन्यापासून खांबावर स्वतः चढणं सोडलं. बोटांवर आता भरवसा नव्हता. खाली उभं राहून शिकवायला लागले.

डिसेंबरमध्ये मुलगी झाली, वासंतीबाईंच्या हातून, तीन किलोला जरा कमी. नाव मीरा. सहा महिन्यांची झाली तेव्हा अलका परत शाळेत रुजू झाली. दुपारी मास्तरांची शाळा लवकर सुटायची, म्हणून घरी पोर तेच सांभाळायचे. शेजारची बाई एकदा दारातून म्हणाली, "मास्तर, दुसरं कधी?"

मास्तरांनी पोरीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "अलकाला विचारा," ते म्हणाले. "ती म्हणेल तेव्हा पुन्हा सोडा प्यायला लागेन."